पर्यायांत फक्त दहाचा घात वेगळा असेल तेव्हा

अशा गणितात घाताआधीचा आकडा सगळ्या पर्यायांत सारखाच असतो, म्हणून सगळं लक्ष घातावर दे. समज, प्रश्नाच्या फोटोत 2 μC आणि 3 μC प्रभार 30 cm अंतरावर आहेत आणि बल विचारलंय. पर्याय 6×10⁵, 6×10⁻¹, 6×10⁻³ आणि 6×10⁻⁵ N.

आधी फोटो मोठा करून μ ची शेपटी बघ. अंधुक फोटोत ती पुसट होते आणि μC चं mC वाचलं जातं. मग थेट 6×10⁵ N येतं, म्हणजे साठ टन वजनाएवढं बल! असं उत्तर दिसलं की पुन्हा फोटोकडे वळायचं.

आता घात वेगळे मांड:

9×10⁹ × 6×10⁻¹² / (9×10⁻²) = 6×10⁻¹ N

माझ्या मते खरी मेख छेदात आहे. 30 चा वर्ग करून cm चा 10⁻² तसाच ठेवलास तर 6×10⁻³ येतं, cm बदललेच नाहीत तर 6×10⁻⁵. दोन्ही चुका पर्यायांत तयार बसल्यात. त्यामुळे आधी 0.3 m लिही, वर्ग नंतर कर. उत्तर पर्यायांत सापडलं एवढ्यावर ते बरोबर धरू नकोस.