भोपळ्याची बदनामी

प्रश्न: खाण्याच्या पदार्थांवरून इतर भाषांतही शिव्या देतात का? सगळ्यात बदनाम पदार्थ कोणता?

माझं मत भोपळ्याला. इटालियनमध्ये मठ्ठ माणसाला ‘झुक्कोने’ म्हणजे मोठा भोपळा म्हणतात. फ्रेंचमध्ये बावळट बाईला ‘गूर्द’ म्हणतात; वाळलेला, कोरून पोकळ केलेला, पाणी भरायचा भोपळा तो. डोकं तेवढं मोठं, आत ठणठणाट! मूर्खपणा म्हणजे पोकळपणा, हा या शिव्यांमागचा हिशेब.

स्पॅनिशमध्ये मात्र भोपळा नकाराचा. मागणी घालणाऱ्याला नाही म्हटलं की त्याला ‘भोपळे दिले’ म्हणतात, आणि नापास झालेल्या विद्यार्थ्यालाही भोपळेच मिळतात. आपला परीक्षेतला भोपळा शून्याच्या आकारावरून आला, तरी दुःख तेच. युक्रेनमध्ये तर नकार देताना मुलाकडच्यांच्या हातात खराखुरा भोपळा ठेवायची रीत होती. तो उचलून गावातून परत जायचं म्हणजे बोलायलाच नको.

जपानीतही ‘बांधावरचा भोपळा’ ही शिवी आहे, पण तिथे वांगंही सुटलेलं नाही: वेंधळ्याला ‘बोकेनासु’ म्हणतात, त्यातलं ‘नासु’ म्हणजे वांगं.

चिनी लोक अंड्यावर घसरतात. ‘बन्दान’ म्हणजे मूर्ख अंडं, आणि हे लाडानेही म्हणतात. ‘वांगबादान’, कासवाचं अंडं, मात्र थेट बापावर जातं. ते गमतीतही म्हणू नका.