शाफ्टची फिनिश : फीड, नोज रेडियस आणि टेस्टरचा आकडा

प्रश्न : ड्रॉइंगवर आरए १.६ मागितले आहे. फिनिशिंगला फीड ०.२५ आणि इन्सर्टचा नोज रेडियस ०.४ आहे. टेस्टर ५ च्या आसपास दाखवतो. स्पीड वाढवून पाहिला, फरक पडला नाही. – जळगाव

आपला टेस्टर बरोबर आहे आणि मशीनही दोषी नाही, कारण या जोडीतून साधारण तेवढाच आकडा निघायला हवा. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात टूल फीडइतके पुढे सरकते आणि आपल्या गोलसर टोकाच्या आकाराचा एक उथळ चर मागे ठेवते. शेजारच्या दोन चरांच्या मध्ये जी धार उभी राहते, तिची उंची Rt पुढील सूत्राने मिळते, त्यात f म्हणजे फीड आणि r म्हणजे नोज रेडियस, दोन्ही मिमीमध्ये.

Rt = f² / (8·r)

आरए म्हणजे मध्यरेषेपासून पृष्ठभाग वरखाली जेवढा जातो त्या अंतरांची सरासरी, आणि अशा कमानदार चरांसाठी ती उंचीच्या साधारण पाव भाग भरते.

Ra ≈ f² / (32·r)

आपले आकडे घातले तर ०.०६२५ भागिले १२.८, म्हणजे सुमारे ०.००४९ मिमी किंवा ४.९ मायक्रॉन येतात. सूत्रात स्पीड कुठेच नाही, हे ध्यानात घ्यावे. 'फिनिश येत नाही तर स्पीड वाढव' हा आपल्याकडचा सार्वत्रिक सल्ला इथे लागू पडत नाही. फीड मात्र वर्गाने येतो, म्हणून तो निम्मा केल्यास खडबडीतपणा चौथाईवर येतो, तर रेडियस दुप्पट केल्यास तो केवळ निम्मा होतो.

तोच ०.४ चा इन्सर्ट ठेवून फीड ०.१२ केल्यास हिशेबाने १.१ मायक्रॉन येतात आणि प्रत्यक्षातील थोडी भर धरूनही १.६ च्या आत राहता येते. मात्र ३०० मिमी लांबीचा पास १००० आरपीएमवर ०.२५ फीडने १.२ मिनिटांत होत असेल, तर त्याला आता अडीच मिनिटे लागतील. ०.८ चा इन्सर्ट लावून फीड ०.१५ ठेवल्यास हिशेब ०.९ वर येतो आणि वेळ दोन मिनिटे लागतो, त्यामुळे आखूड व जाड शाफ्टसाठी मी हाच पर्याय निवडेन. २५ मिमी व्यासाचा आणि हातभर लांबीचा शाफ्ट असेल तर मोठा रेडियस त्याला आडवा ढकलतो, शाफ्ट थरथरतो आणि कमावलेली फिनिश चॅटरमध्ये जाते, तिथे ०.४ चाच इन्सर्ट ठेवावा किंवा स्टेडी लावावी.

प्रश्न : तुमच्या सूत्राप्रमाणे फीड ०.०५ केला, रेडियस ०.८ आहे, तरी आरए २ च्या खाली येत नाही. मटेरियल ईएन ८, व्यास ४०, आरपीएम ३५०. – धुळे

सूत्राने आपल्याला ०.१ मायक्रॉन मिळायला हवा होता आणि प्रत्यक्षात त्याच्या वीसपट मिळतो आहे, म्हणजे इथे फीडचे चर हा प्रश्नच उरलेला नाही. ४० मिमी व्यास आणि ३५० आरपीएम यांचा कटिंग स्पीड मिनिटाला जेमतेम ४४ मीटर येतो. कार्बाइड इन्सर्टने एवढ्या कमी वेगात ईएन ८ कापताना स्टीलचे कण टूलच्या टोकावर चिकटतात, त्यांचा एक गोळा बनतो, तो काही काळ धारेचे काम करतो आणि मग तुटून अर्धा चिपबरोबर, अर्धा शाफ्टवर जातो. स्पीडने फिनिश सुधारते ती अशा वेळी. आरपीएम १२०० केल्यास वेग १५० मीटरपर्यंत जातो आणि हा चिकटा बहुधा सुटतो.

दुसरी चूक फीडमध्येच आहे. इन्सर्टची धार कधीच पूर्ण टोकदार नसते, ती मुद्दाम थोडी गोलावलेली असते. फीड फार कमी केला की टूल कापण्याऐवजी धातू दाबते व घासते. म्हणून ०.०५ वरून ०.१ वर परत जाणे हे इथे सुधारणेचे पाऊल ठरेल.

कारण ओळखण्यासाठी दहापट भिंग पुरेसे आहे. ओळीने समान अंतरावर चर दिसले आणि ते अंतर फीडइतके असेल, तर दोष फीडचा किंवा रेडियसचा आहे. चर अस्पष्ट असून पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा व मधूनमधून चकाकणाऱ्या कणांचा दिसला, तर टोकावर मटेरियल चिकटते आहे. चरांपेक्षा बऱ्याच रुंद आणि तिरक्या लहरी दिसल्या, तर तो चॅटर आहे. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे आधी पाहावे, मग फीडच्या लिव्हरला हात लावावा.

प्रश्न : आमचा टेस्टर आणि पार्टीचा टेस्टर एकाच जॉबवर वेगळे आकडे देतात. कोणाचा खरा? – भुसावळ

दोघांचाही खरा असू शकतो. दोन्ही यंत्रांवरचा कट-ऑफ, म्हणजे ज्या अंतरापेक्षा रुंद चढउतार यंत्र गाळून टाकते ते अंतर, आधी तपासावे. ०.२५ मिमी कट-ऑफ लावला, तर त्याच अंतरावर असलेले फीडचे चर फिल्टर निम्म्याने दाबतो आणि आकडा खोटाच गोड दिसतो. फीड ०.१३ ते ०.४ मिमीच्या दरम्यान असेल तर कट-ऑफ ०.८ आणि मोजण्याची लांबी ४ मिमी ठेवावी. सुई शाफ्टच्या अक्षाच्या दिशेने, म्हणजे चरांना आडवी चालवावी. घेराच्या दिशेने ती चरातूनच धावते.

प्रश्न : डाळमिलच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सील बसते तिथे आरए ०.५ आणले आहे, सील नवे आहे, तरी तेल गळते. शाफ्ट उलटा फिरवला की गळत नाही. – चाळीसगाव

शेवटच्या वाक्यातच आपण निदान दिले आहे. टर्निंगचे चर म्हणजे शाफ्टभोवती गुंडाळलेला एक बारीक आटा असतो. सीलच्या ओठाखाली तो स्क्रू पंपासारखा वागून एका दिशेने फिरताना तेल बाहेर ढकलतो आणि उलट दिशेने आत ओढतो. आरए ही नुसती सरासरी असल्याने चर आट्यासारखे तिरके आहेत की सरळ गोल कडी आहेत, हे तिला कळत नाही. आरझेड, म्हणजे पाच भागांतील सर्वोच्च शिखर ते सर्वांत खोल दरी या अंतरांची सरासरी, लिहिल्यास एखादी खोल रेघ लपत नाही, पण आट्याची दिशा तिलाही दिसत नाही.

खात्री करायची असल्यास शाफ्ट लेथवर सपाट धरून त्याला पातळ तेलाचा हलका हात द्यावा, त्यावरून बारीक दोरा टाकून खाली छोटे वजन लटकवावे आणि शाफ्ट हळू फिरवावा. दोरा एका बाजूला सरकत गेला आणि फिरण्याची दिशा बदलताच उलट सरकू लागला, तर आटा आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला, तर शाफ्ट टेपर आहे किंवा सपाट धरलेला नाही.

टर्निंगवर एमरी पेपर मारून ०.५ आणणे हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग आहे. पेपर हाताने अक्षाच्या दिशेने सरकवत नेला की जुन्या आट्यावर दुसरा आटा चढतो. एका जिनिंगच्या शाफ्टवर मी स्वतः ही चूक केली होती आणि सील तीनदा बदलून झाल्यावर ती कळली. सीलची जागा ग्राइंडिंगने, आणि तीही चाक बाजूला न सरकवता सरळ आत नेऊन करावी. शेवटी ठिणग्या थांबेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, चाक तिथेच फिरू द्यावे. ड्रॉइंगवर आरए ०.२ ते ०.८, आरझेड १ ते ५ आणि 'आटा नको' असे तिन्ही लिहावे. ०.२ च्या खाली जाण्याचा हट्ट धरू नये, कारण अतिगुळगुळीत शाफ्टवर तेलाचा थर टिकत नाही आणि सीलचा ओठ तापून कडक होतो.