स्लॅब पेलणाऱ्या भिंतीत नवं दार

प्रश्न: धुळ्यात नऊ इंची वीटभिंतीत तीन फुटी दार काढायचंय, वर स्लॅब आहे. भिंत खचणार नाही ना?

आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू द्या. दारावरच्या लिंटेलच्या जागेपासून फूटभर वर, एकमेकांपासून दोन फूट अंतरावर दोन भोकं पाडून लोखंडी तुळया आरपार घाला. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांखाली जॅक, जॅकखाली जाड फळी. आपल्या काळ्या मातीच्या भरावावर फळीशिवाय टेकू हमखास दबतो.

मग खाच कापून चार फुटी तयार लिंटेल बसवा, दोन्हीकडे सहा इंच टेकलेलं. खरं काम वरच्या इंचभर फटीचं: एकास तीन सिमेंट-वाळू, मुठीत दाबली तर गोळा राहील इतकीच ओलसर, ठोकून ठासा. पातळ माल आकसतो, मग दाराच्या कोपऱ्यातून पायरीसारखी तिरकी भेग चढते.

सात दिवसांनी तुळया काढा, खालच्या विटा त्यानंतर. दारावरच बीम टेकत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.