एकादशीच्या उपवासात साखर कधी तपासावी?

आई मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते आणि एकादशीला दिवसभर काही खात नाही. साखर कधी तपासावी, उपवास कधी सोडायला लावावा?

सकाळी उठल्यावर, दुपारी बाराला, चारला आणि झोपण्यापूर्वी तपासावी. आकडा ७० च्या खाली आला किंवा ३०० च्या वर गेला, तर उपवास तिथेच सोडावा. ही गोळी पोट रिकामे असतानाही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर वेळेची वाट न पाहता लगेच तपासावे. समजा, चारला ६४ आली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी (अशा वेळी साबुदाण्याची खिचडी कामाची नाही, तुपामुळे ती साखर सावकाश चढवते), पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि ७० ओलांडल्यावर जेवायला वाढावे. आकडा सुधारला तरी उपवास पुढे चालू ठेवू नये, कारण गोळीचा परिणाम कित्येक तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे. त्या दिवशीची गोळी कमी करायची की टाळायची, हे मात्र डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.