क्युबिकला एकच टर्निंग पॉइंट? कुठे वळला ते दाखवा आधी

प्रश्न: क्युबिकचं डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवल्यावर x ची एकच किंमत आली तर टर्निंग पॉइंट एक धरायचा का? मुलीच्या क्लासमधे तसंच शिकवलंय. मॅक्सिमम कुठला नि मिनिमम कुठला हे पटकन कसं ओळखायचं, आणि बोर्डात यावर किती मार्कांचं येतं?

नाही धरायचा. एकच किंमत आली तर टर्निंग पॉइंट शून्य. क्युबिकला एक तर दोन असतात नाही तर एकही नसतो, एक कधीच नसतो, आणि क्लासमधे अजून हे असंच शिकवतात हे वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

बारावीला मी तालुक्याला एका क्लासला जायचे. सरांनी फळ्यावर गणित घातलं, f(x) = x³ − 6x² + 12x − 5. डेरिव्हेटिव्ह 3x² − 12x + 12, म्हणजे 3(x − 2)², शून्य ठेवलं की x = 2. मग सेकंड डेरिव्हेटिव्ह 6x − 12, त्यात 2 घातले तर तेही शून्य. सर म्हणाले, "टेस्ट फेल गेली, मॅक्सिमम का मिनिमम ते सांगता येत नाही, पण टर्निंग पॉइंट एक आहे, लिहून घ्या." मी तोपर्यंत वहीच्या कोपऱ्यात किमती काढल्या होत्या: f(1) = 2, f(2) = 3, f(3) = 4. उभी राहून विचारलं, सर, दोनच्या आधी चढतोय, दोनच्या नंतरही चढतोय, मग वळला कुठे? तर म्हणे, "पेपर तपासणारा तुझी शहाणपट्टी बघायला बसलेला नाही." मागच्या बाकांवर हशा. मी ग्राफ पेपरवर काढून तास संपल्यावर दाखवायला गेले तर बघितलासुद्धा नाही, वर घरी निरोप गेला की मुलगी उलट बोलते. आता भाचा त्याच सरांकडे जातो. त्याच्या झेरॉक्स नोट्स चाळल्या तर तेच गणित आणि खाली तेच, "टर्निंग पॉइंट एक"!

तर मुद्दा असा की डेरिव्हेटिव्ह शून्य होणं आणि ग्राफ वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे त्या जागी चढ नाही, उतारही नाही, एवढंच. वळला कधी म्हणायचं, तर डेरिव्हेटिव्हचं चिन्ह बदललं तरच. घाट चढताना मधे जरासा सपाट तुकडा लागतो आणि पुन्हा चढच सुरू होतो, तिथे आपण माथा आला म्हणतो का? 3(x − 2)² हा वर्ग आहे, तो निगेटिव्ह होणारच नाही, दोनच्या दोन्ही बाजूंना प्लसच. प्लस, शून्य, प्लस. विषय संपला.

आणि एकच का असू शकत नाही हे तर काहीही न मोजता कळतं. x³ चा सहगुणक पॉझिटिव्ह असेल तर डावीकडे लांब ग्राफ खाली असतो आणि उजवीकडे लांब वर. एकदाच वळला तर दोन्ही टोकं एकाच दिशेला जातील, तो मग पॅराबोलासारखा झाला, क्युबिक कसला.

मोजायची रीत एका ओळीची आहे. ax³ + bx² + cx + d असेल तर b² − 3ac काढा. शून्यापेक्षा मोठं आलं तर दोन टर्निंग पॉइंट, शून्य किंवा निगेटिव्ह आलं तर एकही नाही. हे काही वेगळं सूत्र नाही, डेरिव्हेटिव्ह 3ax² + 2bx + c च्या डिस्क्रिमिनंटमधून 4 बाहेर काढलाय इतकंच. d चा संबंधच नाही, तो अख्खा ग्राफ फक्त वरखाली सरकवतो.

मुलीला हे एकदा करून बघायला सांगा. सरांचंच गणित घ्या, फक्त 12x च्या जागी 9x लिहा. डेरिव्हेटिव्ह 3(x − 1)(x − 3). एकच्या आधी प्लस, एक आणि तीनच्या मधे मायनस, तीनच्या पुढे प्लस. म्हणजे 1 ला लोकल मॅक्सिमम, 3 ला लोकल मिनिमम, किमती −1 आणि −5. आता ते 9 हळूहळू वाढवत न्या. दोन्ही टर्निंग पॉइंट दोनच्या दिशेने एकमेकांकडे सरकायला लागतात (दोन कारण −b/3a इथे 2 आहे, ते कायम बरोब्बर त्यांच्या मधोमध असतं). 12 झालं की एकमेकांत मिसळतात आणि गायब. सरांनी जो "एक" मोजला तो या दोघांची राख आहे. 15 केलं तर b² − 3ac = 36 − 45, निगेटिव्ह, आता सपाट जागाही उरली नाही.

मोबाईलवर ग्राफ काढून डोळ्याने मोजणाऱ्यांनी 12 च्या अगदी जवळ, म्हणजे 11.88x लिहून बघावं. भाच्याने बघितलं आणि म्हणाला, "मावशी, सपाट आहे गं, एकही नाही." पण b² − 3ac = 36 − 35.64 = 0.36, पॉझिटिव्ह आहे, म्हणजे दोन असायलाच पाहिजेत. x = (6 ± 0.6)/3, म्हणजे 1.8 आणि 2.2. दोन्हीकडच्या उंचीत फरक फक्त 0.032, स्क्रीनवर काय दिसणार डोंबल! झूम केल्यावर दिसले.

ओळखायचं म्हणाल तर a पॉझिटिव्ह असेल तर डावीकडचा मॅक्सिमम, उजवीकडचा मिनिमम, a निगेटिव्ह असेल तर उलट. क्युबिकला सेकंड डेरिव्हेटिव्हची गरजच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, मुलं ते आकडे घालतानाच चिन्हं चुकवतात. (पेपरात पायऱ्यांना मार्क असतात, तिथे लिहायला लागेल ते लिहा, मार्क नेमके किती ते चालू पॅटर्न बघून तुम्हीच ठरवा.) आणि त्या टेस्टला दोष देऊ नका, टेस्ट फेल गेली तर क्युबिकमधे निर्णय उलट पक्का असतो, कारण सेकंड डेरिव्हेटिव्ह तिथे शून्य तेव्हाच येतं जेव्हा b² = 3ac, म्हणजे टर्निंग पॉइंट नाहीत. सरांना हेच सांगायचं होतं मला. पण हे क्युबिकपुरतंच हं, x⁴ ला 0 पाशी टेस्ट फेल जाते आणि तरी तिथे मिनिमम असतो, म्हणून बाकी ठिकाणी चिन्हंच तपासायची.

अजून एक राहिलं. लोकल मॅक्सिमम म्हणजे सगळ्यात मोठी किंमत नव्हे. वरच्या 9x वाल्या गणितात x ला 0 ते 5 अशी हद्द दिली तर 1 ला −1 मिळतात पण 5 ला 15, तेव्हा प्रश्नात हद्द असेल तर दोन्ही टोकांच्या किमती काढल्याशिवाय उत्तर लिहू देऊ नका तिला.