दोन रेषांमधल्या अंतराला B समजू नकोस

अरे रोटेशनल स्पेक्ट्रमवरून CO ची बंधलांबी काढताना तुझं उत्तर 0.80 आंगस्ट्रॉम आलं ना, तेव्हाच कळलं काय झालंय ते. आमच्या रत्नागिरीला एमएस्सी करताना मी पण हेच केलेलं, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, मेणबत्तीत तीनदा गणित केलं आणि तीनही वेळा तेच चुकीचं 😅

स्पेक्ट्रममधल्या शेजारच्या रेषांमधलं अंतर 2B असतं, B म्हणजे रोटेशनल स्थिरांक, तो नाही. CO चं अंतर 3.845 cm⁻¹, म्हणजे B = 1.9225. तू अख्खं अंतर B म्हणून टाकलंस म्हणून लांबी √2 पटीने कमी आली.

आता जडत्वाचा मोमेंट काढ, I = h/(8π²cB). इथे B cm⁻¹ मधे आहे म्हणून c पण 2.998×10¹⁰ cm/s घे, नाहीतर शंभरपटीचा घोळ होतो. I येतो 1.456×10⁻⁴⁶ kg m². मग रिड्यूस्ड मास, 12 आणि 15.995 चा गुणाकार भागिले बेरीज, 6.856 u, तो किलोमधे 1.1385×10⁻²⁶ (हे रूपांतर विसरलास तर उत्तर भलतंच येतं, लगेच कळतं). I ला याने भागून वर्गमूळ काढलं की 1.131 आंगस्ट्रॉम.

पुस्तकात 1.128 दिसेल, घाबरू नको. ती समतोल लांबी, आपली सर्वात खालच्या कंपन पातळीतली, थोडी ताणलेली. आणि अंतर सुरुवातीच्या रेषांवरूनच घे, वर J, म्हणजे फिरण्याचा क्वांटम अंक, वाढला की रेणू ताणला जातो आणि रेषा जवळ यायला लागतात.