पाठपुरावा आधी, भार देणे नंतर

प्रश्न: १००० जणांना टपालाने प्रश्नावली पाठवली, पण ४०० उत्तरेच आली. आणखी लोकांना पत्रे पाठवू, की आलेल्या उत्तरांनाच वेगवेगळा भार देऊ?

नव्या लोकांना पत्रे पाठवल्याने उत्तरांची संख्या वाढेल, पण उत्तर देणारे आणि न देणारे यांच्यातला फरक कायम राहील. आणि निष्कर्ष चुकतो तो या फरकामुळे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ मासिकाला १९३६ मध्ये सुमारे २३ लाख मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी त्याचे अध्यक्षीय निवडणुकीचे भाकीत पार चुकले. पत्ते ज्या याद्यांतून घेतले होते त्यांचा दोष त्यात होताच, पण पत्रिका परत पाठवणारे मतदारही बाकीच्यांपेक्षा वेगळे होते.

आपण असे समजू की हे १००० जण एका वाचनालयाचे सभासद आहेत आणि प्रश्न आहे, ‘गेल्या महिन्यात आपण वाचनालयात आलात का?’ उत्तर देणाऱ्या ४०० पैकी २४० जण, म्हणजे ६० टक्के, ‘हो’ म्हणतात. मात्र जो नियमित येतो तोच पत्राला उत्तर देण्याची शक्यता अधिक, त्यामुळे हा आकडा फुगलेला असावा अशी शंका मला पहिल्यांदा येते.

सभासदांची वये नोंदवहीत असतात. निम्मे सभासद तरुण आणि निम्मे ज्येष्ठ आहेत, पण उत्तरे तरुणांची १०० आणि ज्येष्ठांची ३०० आली आहेत. तरुणांत ३० टक्के आणि ज्येष्ठांत ७० टक्के ‘हो’ म्हणत असतील, तर प्रत्येक तरुणाचे उत्तर ५ जणांच्या वतीने आणि प्रत्येक ज्येष्ठाचे सुमारे १.६७ जणांच्या वतीने धरावे लागते. असा भार दिला की एकूण प्रमाण ५० टक्क्यांवर येते. इथे एक गृहीतक दडलेले आहे: एकाच वयोगटातले उत्तर देणारे आणि न देणारे सारखेच असतात. ते खरे आहे की नाही, हे हाती आलेल्या ४०० उत्तरांवरून कळू शकत नाही.

म्हणून मी आधी पाठपुरावा करीन. मॉरिस हॅन्सेन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, गप्प राहिलेल्या ६०० पैकी १२० जण चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि त्यांना प्रत्यक्ष भेटावे. त्यांतले ३६ जण, म्हणजे ३० टक्के, ‘हो’ म्हणाले, तर त्या प्रत्येकाला ५ चा भार देऊन ६०० पैकी १८० ‘हो’ धरता येतात. आधीचे २४० मिळवून एकूण ४२० होतात, म्हणजे ४२ टक्के. वयानुसार भार देऊन ६० वरून ५० पर्यंतच उतरता आले होते. उरलेले अंतर वयाशी नव्हे, तर वाचनालयात येण्याच्या सवयीशी निगडित होते.

मात्र १२० पैकी बरेच जण पुन्हा निसटले, तर हा हिशेबही डळमळतो. त्यामुळे कमी लोक निवडावेत, पण प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा गाठावे. शिवाय समोरासमोर विचारल्यावर संकोचाने ‘हो’ म्हणणारेही असतात, म्हणून प्रश्नाचे शब्द पत्रातलेच ठेवावेत आणि शक्य असेल तिथे उत्तर पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदीशी ताडून पाहावे.